केळी परिषदेच्या दुभाष्यांसाठी टिपणपत्र कसं लिहावं? (जळगाव, इंग्रजी–मराठी सत्र)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. जळगावात केळी उत्पादकांच्या परिषदेत ९० मिनिटांचं एक सत्र आहे. बाहेरदेशातले एक रोगशास्त्रज्ञ केळीवरच्या मर रोगाबद्दल, म्हणजे टीआर फोरबद्दल, ४० मिनिटं इंग्रजीत बोलतील. त्यानंतर २० मिनिटं व्यासपीठावर चर्चा आणि ३० मिनिटं प्रश्नोत्तरं. समोर बसणारे बहुतेक रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागातले शेतकरी. पुण्याहून दोन दुभाषे येणार आहेत. काचेची केबिन आणि कानाला लावायचे १५० संच भाड्याने घेतले आहेत. दोघांनाही परिषदांचा अनुभव आहे, पण केळीचा नाही. त्यांना आधी एक टिपणपत्र पाठवायचं आहे. वक्त्याने पूर्ण लिखित भाषण पाठवलंय, ५,२०० शब्द, ३४ स्लाइड. मी अकारविल्हे १८० शब्दांची यादी करायला घेतली आहे. बरोबर चाललंय ना?

पानोपान
दिशा बरोबर आहे, यादी अजून वाढवा. वनस्पती रोगशास्त्राच्या परिभाषा कोशातून सगळे प्रतिशब्द उचला, दुभाष्याला काहीच कमी पडायला नको. कवक, बीजाणू, संगरोध, ऊतिसंवर्धन, सगळे शास्त्रशुद्ध हवेत. आणि वक्त्याला सांगा की हळू बोला. एवढं केलं की सत्र नीट पार पडतं.

काचेमागून
पानोपान सर, शब्द आधी हवेत हे तुमचं खरंच आहे. पण १८० शब्दांची अकारविल्हे यादी केबिनमध्ये कुणी उघडत नाही. वक्ता बोलतोय, दुभाषा दोन-तीन सेकंदांनी मागे चाललाय, तेवढ्यात ‘स’ कुठे आहे हे शोधायला वेळ नसतो. शोधायचं काम शेजारी बसलेला जोडीदार करतो आणि तोसुद्धा स्लाइडच्या क्रमाने शोधतो. म्हणून भाषणाचे शब्द स्लाइडच्या क्रमाने लावा. प्रश्नोत्तरांचे शब्द वेगळ्या पानावर, विषयवार: लागवड, रोग, काढणी, भाव. कागद ए-४, अक्षर १४ च्या आकाराचं, पाठपोट एक, फार तर दोन कागद. केबिनमध्ये उजेड कमी असतो आणि पानं उलटल्याचा आवाज माइकमध्ये जातो.

दुसरं म्हणजे दोन रकान्यांची यादी पुरत नाही. तीन रकाने करा. कानावर काय पडेल, तोंडातून काय जावं, आणि काय जाऊ नये. हा तिसरा रकानाच दुभाष्याला वाचवतो, कारण चुकीचा शब्द बहुतेक वेळा कोशात बरोबरच असतो.

तापीकाठ
ताई, तिसऱ्या रकान्याचं एखादं उदाहरण द्याल का?

काचेमागून
तुमच्याच विषयातलं घ्या. वक्ता ‘कुकंबर मोझॅक’ म्हणेल. केळी न माहीत असलेला दुभाषा सरळ ‘काकडीवरचा मोझॅक’ म्हणून मोकळा होईल आणि सभागृह विचारात पडेल की काकडीचं इथे काय काम. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?

पीलबाग
हरण्या. रावेर-यावल पट्ट्यात पोरासोरांनाही हरण्या माहीत आहे. सीएमव्ही म्हटलं तरी आता बरेच जण ओळखतात, दुकानदारांमुळे.

काचेमागून
मग दादा, ओळ अशी होईल. कानावर: ‘कुकंबर मोझॅक व्हायरस’, ‘सीएमव्ही’. तोंडातून: हरण्या. जाऊ नये: काकडीचा रोग. उलट्या दिशेनेही तीच ओळ हवी, कारण प्रश्न विचारणारा ‘हरण्या’ म्हणणार आणि पुण्याच्या माणसाला हरीण आठवणार.

पीलबाग
असं असेल तर अजून बरेच आहेत. ‘कांदेबाग’ घ्या. आमच्याकडे जून-जुलैत लावली ती मृगबाग आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आसपास लावली ती कांदेबाग. दोन्ही केळीच. बाहेरच्याला वाटेल कांद्याचं शेत.

‘पील’ म्हणजे बुंध्याशी फुटतं ते. कृषी खात्याची पुस्तकं त्याला मुनवे म्हणतात, आमच्यात कुणी म्हणत नाही. पहिलं पीक ती नवती, पील राखून घेतलेलं दुसरं पीक ती पीलबाग. ‘निसवण’ म्हणजे घड बाहेर पडणं. ‘रास’ म्हणजे घडाचं सरासरी वजन. ‘२२ ची रास बसली’ म्हटलं की २२ किलोचा घड. आणि ‘जी नाईन’ हे वाण. आमच्याकडे तरी दुसरा उच्चारच नाही.

काचेमागून
जी नाईनची ओळ सगळ्यात वर ठेवा. हे नाव मुळात फ्रेंच आहे आणि परदेशी वक्ता ते फ्रेंच वळणाने ‘ग्राँ नॅन’ असं म्हणू शकतो. लिहिलेलं दिसतं ‘ग्रँड नेन’. तेव्हा कानावर: ‘ग्राँ नॅन’, ‘ग्रँड नेन’, ‘कॅव्हेंडिश’. पहिल्या दोघांना तोंडातून ‘जी नाईन’. कॅव्हेंडिशला मात्र कॅव्हेंडिशच म्हणायचं, कारण तो गट आहे. जी नाईन त्यातलं एक वाण, तुमची श्रीमंती आणि बसराई हीसुद्धा त्याच गटातली. वक्ता ‘कॅव्हेंडिशला धोका’ म्हणाला आणि दुभाष्याने ‘जी नाईनला धोका’ म्हटलं, तर श्रीमंतीवाला शेतकरी निर्धास्त घरी जाईल.

पानोपान
हे मान्य. पण मग शास्त्रीय काटेकोरपणाचं काय? ‘बीजाणू’ला तुम्ही काय म्हणणार, बुरशीचं बी?

काचेमागून
तिथे मी तुमच्या बाजूने आहे. बीजाणू म्हणायचं, पण पहिल्यांदा येईल तेव्हा पाच-सहा शब्द जोडायचे: ‘बीजाणू, म्हणजे बुरशी ज्याने पसरते ते सूक्ष्म कण’. त्यानंतर नुसतं बीजाणू. हे टिपणपत्रात आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे दोन दुभाषे दोन शब्द वापरत नाहीत. २५-३० मिनिटांनी माणूस बदलतो. एक ‘बीजाणू’ म्हणत होता आणि दुसरा ‘स्पोर’ म्हणायला लागला, तर ऐकणाऱ्याला वाटतं नवीन काहीतरी सुरू झालं.

काटेकोरपणा खरा लागतो तो ‘रेझिस्टंट’ आणि ‘टॉलरंट’ या दोन शब्दांत. रोगप्रतिकारक आणि रोगसहनशील. दुसऱ्यात रोग शिरतो, झाड तग धरतं. दुभाष्याने दोन्हीला ‘रोग न येणारं वाण’ म्हटलं तर शेतकरी ते रोप आणून बिनधास्त लावेल, आणि मातीतली बुरशी शेतात पसरत राहील. या ओळीला लाल चौकट करा.

तसंच ‘ट्रॉपिकल रेस फोर’ मधला ‘रेस’. भाषांतर करायचंच नाही, ‘टीआर फोर’ म्हणायचं. ‘वंश’ नको, ‘शर्यत’ तर नकोच. आणि ‘क्वारंटाइन’ला कोशात संगरोध आहे, पण सभागृहात तो शब्द विरून जाईल. ‘विलगीकरण’ म्हटलं तर लोकांना कोरोना आठवतो. इथे विषय रोपांचा आणि मातीचा आहे, तेव्हा ‘रोपं-माती बाहेर नेण्या-आणण्यावर बंदी’ असं उलगडून म्हणा. लांब आहे, पण भाषणात तो शब्द किती वेळा येतो हे मोजून बघा. चार-पाच वेळा असेल तर उलगडणं परवडतं. वीस वेळा असेल तर सुरुवातीला एकदा उलगडा आणि पुढे क्वारंटाइनच ठेवा.

सातपुड्याखाली
मी धडगाव भागात आरोग्य शिबिरं भरवतो. डॉक्टर मराठीत बोलतात, समोरचे पावरीत बोलतात, मध्ये आशाताई सांगतात. आमच्याकडे केबिन नाही की कानाचे संच नाहीत. आम्ही हेच पत्र वापरावं का? डॉक्टर एकदम पाच मिनिटं बोलतात आणि आशाताईंचं सांगून अर्ध्या मिनिटात संपतं.

काचेमागून
भाऊ, तुमचं काम वेगळ्या जातीचं आहे. तिथे आधी एक बोलतो, थांबतो, मग दुसरा सांगतो. तुमच्या पत्रात शब्द कमी आणि थांबे जास्त हवेत. डॉक्टरांना दोन ते तीन वाक्यांनंतर थांबायला सांगा आणि औषधाचा डोस असेल तर एका वाक्यातच थांबवा. वेळ दुप्पट धरा. आणि रुग्णाची गोष्ट असल्याने कुणाचं नाव बाहेर जाणार नाही हे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा. पावरी शब्दांसाठी आशाताईच जाणकार, त्यांच्याकडूनच यादी लिहून घ्या. वेगळा धागा काढलात तर मी तिथे सविस्तर लिहीन.

ध्वनीवाला
वेगाबद्दल कुणी बोललंच नाही. ५,२०० शब्द आणि ४० मिनिटं म्हणजे मिनिटाला १३०. बोलताना हे फार वाटत नाही, पण हा माणूस वाचणार आहे. वाचताना माणूस अडखळत नाही, ‘म्हणजे’, ‘तर’ म्हणत नाही, विचार करायला थांबत नाही. ऐकणाऱ्याला तीच उसंत असते.

पानोपान
म्हणूनच म्हणालो, हळू बोलायला सांगा.

काचेमागून
‘हळू बोला’ हे दोन मिनिटं टिकतं सर, मग माणूस आपल्या चालीवर येतो. शिवाय एकेक शब्द ताणून बोललं तर दुभाष्याला अधिकच त्रास. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तेव्हा इंग्रजी वाक्याचा अर्थ पूर्ण हाती आल्याशिवाय मराठी वाक्य बंद करता येत नाही. वाक्य ताणलं की तेवढा वेळ ते डोक्यात धरून ठेवावं लागतं. आपल्याला हवं ते असं: वाक्य नेहमीच्या वेगाने, पण आखूड, आणि वाक्यांच्या मध्ये थांबा. म्हणून वक्त्याला विशेषण सांगू नका, आकडा सांगा.

वाचून दाखवायच्या भाषणाला मिनिटाला ११० शब्द हा मी धरते तो आकडा. ४० मिनिटांना ४,४०० होतात. म्हणजे ८०० शब्द कापायला सांगायचे.

ध्वनीवाला
ताई, स्लाइड धरल्या का? स्लाइड बदलली की लोकांच्या कानात मराठी अजून मागच्या स्लाइडवर असतं. आम्ही पडदा बघतो तेव्हा हे स्पष्ट दिसतं. चित्र बदललेलं असतं आणि माना अजून मागच्याच चित्रासाठी डोलत असतात.

काचेमागून
बरोबर पकडलंत, माझ्याकडून राहिलं. तापीकाठ, ३४ पैकी तक्त्याच्या स्लाइड किती आहेत?

तापीकाठ
९.

काचेमागून
मग साध्या २५ स्लाइडना प्रत्येकी ३ सेकंद थांबा, म्हणजे ७५ सेकंद. तक्त्याच्या ९ ना प्रत्येकी ५, म्हणजे ४५. एकूण २ मिनिटं गप्प बसण्यात जाणार. बोलायला उरली ३८ मिनिटं, ११० ने ४,१८०. सरळ ४,२०० सांगा. हजार शब्द कापायचे आहेत.

वक्त्याला पत्रात एवढंच लिहा: ‘भाषण ४,२०० शब्दांत आणावे. स्लाइड बदलल्यावर मनात तीनपर्यंत मोजून मग बोलावे, तक्ता असल्यास पाचपर्यंत.’ मनात मोजायला सांगितलं की लोक खरंच मोजतात. आणि पहिलं पान घड्याळ लावून वाचून किती वेळ लागला ते कळवा म्हणावं. एका पानाच्या वेळेवरून खरा वेग कळतो.

ते कापायला तयार नसतील तर एक वाट आहे. तक्त्यातला प्रत्येक आकडा वाचू नका, पडद्यावर आहेच, फक्त दोन आकडे बोला. बऱ्याच भाषणांत शंभर-दीडशे शब्द तिथेच सुटतात.

तापीकाठ
त्यांना सांगितलं. ते ४,५०० पर्यंत येतो म्हणतात, त्याखाली नाही.

काचेमागून
मग तेवढ्यावर भागवू, पण दुभाष्यांना ते आधी कळवा. ‘वेग मिनिटाला ११८ च्या आसपास, स्लाइड १९ ते २४ दाट’ अशी ओळ पत्रात असली की त्या टप्प्यावर कोण बसेल हे ते दोघं आपसात ठरवून घेतात. कुठलं पान दाट आहे हे तुम्हाला शोधायचं असेल तर स्लाइडवार शब्द मोजा. एका स्लाइडला सरासरी १३० च्या घरात शब्द येतात. जिथे २०० च्या वर जातात ते दाट.

ध्वनीवाला
पहिल्या रांगेत एक माणूस पिवळं कार्ड घेऊन बसवा. केबिनमधून खूण आली की त्याने कार्ड वर करायचं. पण हे वक्त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटतं वेळ संपली आणि तो आणखी पळतो.

आणि लेझरने ‘हे बघा, इथे’ करणं बंद करा. केबिन सभागृहाच्या मागे असेल तर तो लाल ठिपका तिथून दिसत नाही. ‘डावा रकाना, तिसरी ओळ’ असं तोंडाने म्हणावं. हेही पत्रात.

पीलबाग
आकड्यांचं मला विचारायचं आहे. शास्त्रज्ञ हेक्टरात बोलतील, आम्ही एकरात. दुभाष्याने तिथल्या तिथे बदलून सांगितलं तर बरं होईल.

काचेमागून
यावर मी आणि माझ्याच ओळखीचे दुभाषे भांडतो, तेव्हा माझं मत म्हणून घ्या. बोलता बोलता २.४७ ने भागाकार करायला सांगू नका. भागाकार करताना पुढचं वाक्य सुटतं. पत्रात तयार आकडे द्या. भाषणात जे हेक्टरी आकडे आहेत ते सगळे उचला आणि शेजारी एकरी लिहा. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने हेक्टरी ४,४४४ झाडं, तर एकरी साधारण १,८००. हेक्टरी ६० टन, तर एकरी २४ टनांच्या आसपास, म्हणजे २४० क्विंटल. दुभाष्याने आधी वक्त्याचा हेक्टरी आकडाच सांगायचा, श्वासाला जागा असेल तरच ‘म्हणजे एकरी अमुक’. पडद्यावर हेक्टर दिसत असताना कानात फक्त एकर ऐकू आलं तर लोक गोंधळतात.

पानोपान
मला वाटतं बदलूच नये. दुभाष्याने जे बोललं तेच सांगावं. एकरी आकडा व्यासपीठावरच्या स्थानिक तज्ज्ञाने सांगावा.

पीलबाग
सर, तो तज्ज्ञ सांगेपर्यंत अर्ध्या लोकांनी चुकीचा हिशोब केलेला असतो. ४,४४४ ऐकून माणूस म्हणेल एवढी झाडं एकरात मावतातच कशी, आणि पुढचं ऐकणंच सोडेल.

काचेमागून
हे आयोजकांनी ठरवायचं आणि पत्रात एका ओळीत लिहायचं, म्हणजे केबिनमध्ये दोघांचे दोन नियम होत नाहीत.

मोठ्या आकड्यांची मात्र पट्टी ठळक छापा: १ मिलियन = १० लाख, १० मिलियन = १ कोटी, १ बिलियन = १०० कोटी. ‘अब्ज’ बरोबर आहे, पण सभागृहात १०० कोटी लवकर कळतं. घाईत मिलियनचा कोटी होतो, आणि ही चूक दुभाष्याला स्वतःला ऐकू येत नाही, कारण वाक्य व्याकरणाने व्यवस्थितच असतं. ती जोडीदार पकडतो. म्हणून भाषणातले सगळे मिलियनवाले आकडे स्लाइड क्रमांकासह त्या पट्टीखाली लिहा.

तापीकाठ
नावांचं पान असं केलंय: व्यासपीठावर सात जण, त्यांची पूर्ण नावं, पदं, संस्था. आणखी काय?

काचेमागून
त्यात पाटील किती?

तापीकाठ
तीन पाटील, दोन चौधरी, एक महाजन. आणि पाहुणे.

काचेमागून
तेच तर. सूत्रसंचालक ‘पाटील साहेबांना विनंती करतो’ म्हणाला की वक्त्याच्या कानात तीनपैकी कुठला पाटील जाणार? पत्रात प्रत्येकापुढे तीन गोष्टी हव्यात. कागदावरचं नाव, व्यासपीठावर ज्या नावाने हाक मारतील ते नाव, आणि बसण्याची जागा, डावीकडून कितवी. खान्देशात ‘आता आबा सांगतील’, ‘दादांनी खुलासा करावा’ असंच चालतं. दुभाष्याला आबा कोण हे माहीत नसेल तर तो वक्त्याला ‘आजोबा’ ऐकवेल. म्हणून ‘आबा = डावीकडून दुसरे पाटील, बागायतदार’ अशी ओळ.

पाहुण्यांचं नाव देवनागरीत कसं उच्चारायचं ते अंदाजाने लिहू नका. त्यांनाच स्वतःचं नाव बोलून दहा सेकंदांचा आवाज पाठवायला सांगा आणि ऐकून लिहा.

पीलबाग
गावांची नावंही. इंग्रजीत Raver लिहिलेलं बघून परदेशी माणूस ‘रेव्हर’ म्हणेल. ऐकणारा म्हणेल हे कुठलं गाव.

काचेमागून
ती ओळही ‘कानावर’च्या रकान्यात: ‘रेव्हर’ = रावेर. Yawal, Savda, Faizpur, Chopda, जी जी गावं भाषणात येतात त्यांना हीच वागणूक.

संस्थांचं वेगळं. तुमच्या विद्यापीठाचं आजचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१८ पासून. पण व्यासपीठावर कुणी ‘उमवि’ म्हणेल, वक्त्याच्या कागदावर जुनं ‘नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी’ असेल. तिन्ही एकाच ओळीत. तशीच तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राची ओळ, कारण वक्ता नुसतं ‘एनआरसीबी’ म्हणेल.

वाचक_धुळे
मला कळत नाही, एवढं करण्यापेक्षा भाषणाचं मराठी भाषांतर छापून प्रत्येकाच्या हातात का देत नाही? दुभाष्यांचा खर्चही वाचेल.

तापीकाठ
भाषांतर छापून देणारच आहोत, घरी न्यायला. पण वक्ता लिहिलेलंच वाचेल याची खात्री नाही, आणि शेवटची ३० मिनिटं तर प्रश्नांची आहेत. ती कशी छापणार?

पीलबाग
आणि प्रश्नच खरी गोष्ट आहे. भाषण अर्धे लोक सोडून देतील, ‘माझ्या शेतात काय करू’ ते मात्र विचारतील.

काचेमागून
तिथेच मी अडले आहे. रावेर-यावलकडचे लोक प्रश्न कोणत्या बोलीत विचारतील?

पीलबाग
शिकलेले प्रमाण मराठीत. बाकी लेवा बोलीत नाहीतर तावडीत. चोपडा-अमळनेरकडचे अहिराणीत. लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, तेव्हा ‘केळी’ न म्हणता ‘केयी’, ‘पिवळा’ न म्हणता ‘पिवया’. ‘पानं पिवयी पडू राह्यली’ म्हणजे पानं पिवळी पडताहेत. अहिराणीत ‘शे’ म्हणजे आहे, ‘कितलं’ म्हणजे किती, ‘आमनं’ म्हणजे आमचं.

काचेमागून
हे सोन्यासारखं आहे, दादा. ‘ळ ऐवजी य’ हा एकच नियम कितीतरी शब्द सोडवतो. अशी दहा-बारा ओळींची पट्टी करा, आणि शक्य झालं तर तुम्हीच पाच प्रश्न तुमच्या बोलीत बोलून मोबाइलवर पाठवा. दुभाष्याने ते आदल्या रात्री दोनदा ऐकले तरी कान तयार होतो. छापलेल्या यादीने ते होत नाही.

पानोपान
त्यापेक्षा सूत्रसंचालकाने प्रत्येक प्रश्न प्रमाण मराठीत पुन्हा सांगावा.

काचेमागून
सर, वेळ दुप्पट जातो आणि प्रश्न बदलतो. ‘पानं पिवळी पडताहेत, पण खोड चिरलेलं नाही’ असा प्रश्न असेल आणि सूत्रसंचालक ‘यांच्याकडे मर आलाय का असं विचारताहेत’ म्हणाला, तर शास्त्रज्ञाला हवी असलेली खूणच गेली. पण अहिराणी अजिबात न कळणारा दुभाषा असेल तर तुमचाच मार्ग घ्यावा लागेल, हेही कबूल करते. पत्रात लिहा: दुभाषा हात वर करेल तेव्हाच सूत्रसंचालकाने प्रश्न पुन्हा सांगावा, एरवी नाही.

ध्वनीवाला
माइकशिवाय विचारलेला प्रश्न केबिनमध्ये पोचतच नाही. केबिनमध्ये फक्त माइकचा आवाज येतो. सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं तरी काचेमागे शांतता असते. दोन फिरते माइक आणि ते धरणारी दोन माणसं ठेवा, माइक प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नका.

वक्त्याच्या टेबलावरही एक कानाचा संच हवा, इंग्रजीच्या वाहिनीवर लावून ठेवलेला. बरेचदा तोच विसरतो, मग पहिला प्रश्न मराठीत येतो आणि पाहुणे संच शोधत बसतात.

काचेमागून
आणि प्रश्न संपल्यावर सूत्रसंचालकाने लगेच ‘पुढचा’ म्हणू नये. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या टोकाला येतं. ‘फवारणी केल्यावर हरण्या गेला असं काही दिसलं नाही’ या वाक्याचा इंग्रजी अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत ठरतच नाही. दुभाष्याला दोन सेकंद लागतातच. वक्ता मान वर करेल तेव्हा उत्तर सुरू, हा नियम ठेवा.

तापीकाठ
सगळं उतरवून घेतलं. वेळापत्रक असं ठरवते: सात दिवस आधी टिपणपत्राचा पहिला मसुदा आणि भाषण, दोन दिवस आधी अंतिम स्लाइड, सत्राआधी अर्धा तास वक्ता आणि दुभाष्यांची भेट. चालेल?

काचेमागून
चालेल. दोन दिवस आधीच्या स्लाइड पाठवताना पूर्ण संच नुसता पाठवू नका. ‘७, १५, २२ बदलल्या, १६ नवीन, म्हणून पुढचे सगळे क्रमांक एकाने वाढले’ अशी ओळ वर लिहा. टिपणपत्र स्लाइड क्रमांकावर लावलंय. मध्ये एक स्लाइड घुसली की ते सगळं एकाने घसरतं. शक्यतो नव्या स्लाइडला १५-अ म्हणायला सांगा.

अर्ध्या तासाच्या भेटीत गप्पा नकोत. नावं मोठ्याने वाचा, लाल चौकटीतल्या ओळी वाचा, आणि वक्त्याला विचारा की भाषणात एखादी म्हण किंवा विनोद आहे का. असेल तर तो दुभाष्याला आधीच ऐकवायचा.

पीलबाग
एक राहिलं. ‘चरका’ शब्द प्रश्नांत नक्की येईल. हिवाळ्यात आमच्याकडे पानांवर येतो. त्याला इंग्रजीत काय द्यायचं?

पानोपान
थंडीने होणारी इजा म्हणून मी तो ऐकला आहे.

पीलबाग
आमच्यात काही लोक रोग म्हणूनच सांगतात, आणि फवारणीही करतात.

काचेमागून
मग इंग्रजी रोगाचं नाव त्या ओळीत लिहूच नका. तोंडातून: ‘चरका’ हाच शब्द, आणि पुढे शेतकरी जी लक्षणं सांगेल ती जशीच्या तशी. दुभाष्याने नाव ठरवून टाकलं की शास्त्रज्ञ त्या नावाचं उत्तर देतो, झाडाचं नाही. तापीकाठ, ही ओळ जळगावच्या केळी संशोधन केंद्रातल्या कुणाला तरी दाखवून घ्या. ते काय म्हणतात ते इथे टाका.

तापीकाठ
सोमवारी जाते आहे. पीलबाग दादा, तोवर तुमच्या आवाजातले ते पाच प्रश्न पाठवता का? त्यातला एक चरक्याचाच असू द्या.